ओले तूस, बुरसट खाद्य आणि पिल्लांना लागणारी धाप

मागच्या पावसाळ्यात कोकणातल्या एका वाडीतून मला फोन आला. पाचशे सुधारित गावरान पिल्ले आणून सहा दिवस झाले होते आणि त्यांतली काही पिल्ले मान वर ताणून, चोच उघडी ठेवून श्वास घेत होती. पाळणारे जोडपे नवखे असले तरी निष्काळजी मुळीच नव्हते. दिव्यांखालची उष्णता ते थर्मामीटर लावून पाहत होते, पाणी उकळून गार करून देत होते आणि चौथ्या दिवसापासून मेलेल्या पिल्लांची संख्या वहीत लिहून ठेवत होते. त्या वहीत दोन, पाच आणि नऊ असे आकडे होते. सातव्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा त्या दिवसाचा आकडा चौदावर गेला होता.

दारात उभा राहिल्यावर सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. पिल्ले धापा टाकत होती, पण त्यांच्या श्वासाचा आवाज येत नव्हता. ना घरघर, ना शिंक, ना नाकातून शेंबूड. छातीचा भाता जोरात हलत होता आणि शेपटीचे टोक प्रत्येक श्वासासरशी खालीवर होत होते, एवढेच. हाच मूकपणा या रोगाची पहिली खूण आहे. सर्दीसारख्या विषाणूजन्य आजारांत, उदाहरणार्थ संसर्गजन्य ब्राँकायटिसमध्ये, श्वासनलिकेत चिकट स्राव साचतो आणि रात्री शेडमध्ये दिवा मालवून कान दिला की खरखर स्पष्ट ऐकू येते. इथे मात्र बिघाड श्वासनलिकेत नसून त्याच्याही आत, फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत असतो आणि तिथून बाहेर आवाज येत नाही.

या आजाराला ब्रूडर न्यूमोनिया म्हणतात, कारण तो ब्रूडरमधल्या, म्हणजे ऊब देऊन वाढवल्या जाणाऱ्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांत सर्वांत जास्त दिसतो. कारण असते ॲस्परजिलस नावाची बुरशी, आणि तिच्यातही प्रामुख्याने ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही जात. इटलीतल्या मिकेली नावाच्या पाद्री वनस्पतिशास्त्रज्ञाने 1729 मध्ये ही बुरशी भिंगाखाली पाहिली आणि चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याच्या साधनाच्या लॅटिन नावावरून तिचे नाव ठेवले. गोव्यातल्या वाचकांना ते साधन ओळखीचे असेल. एक दांडी, तिच्या टोकाला गोल गाठ आणि त्या गाठीतून चहूकडे उडणारे थेंब. बुरशीचा तुरा सूक्ष्मदर्शकाखाली अगदी तसाच दिसतो, फक्त थेंबांच्या जागी बीजाणू असतात, आणि त्या बीजाणूंतच या रोगाचे सगळे मर्म आहे.

एक बीजाणू साधारण दोन ते तीन मायक्रॉनचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये तीन-चारशे बीजाणू ओळीने बसतील. इतका बारीक कण नाकात किंवा श्वासनलिकेत अडकत नाही, तो थेट खोलवर जातो. पक्ष्याच्या श्वसनाची रचना आपल्यापेक्षा वेगळी आहे. त्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या पातळ पारदर्शक हवेच्या पिशव्या छातीपासून पोटापर्यंत पसरलेल्या असतात आणि आत घेतलेल्या ताज्या हवेचा मोठा भाग आधी मागच्या पिशव्यांत जातो. तिथे उबदारपणा असतो, ओलावा असतो, प्राणवायू भरपूर असतो आणि रक्तपुरवठा मात्र तुटपुंजा असतो. बुरशीला याहून सोयीची जागा मिळणे कठीण. कोंबडीच्या शरीराचे सुमारे 41 अंश तापमानही तिला मानवते, कारण कुजणाऱ्या, आतून तापलेल्या ढिगाऱ्यात वाढण्याची तिला सवयच असते. त्यातच पक्ष्यांना श्वासपटल नसल्यामुळे आपल्यासारखे जोरात खोकून आत गेलेले बाहेर टाकता येत नाही आणि कोवळ्या पिल्लाची प्रतिकारशक्तीही अजून तयार झालेली नसते. शिवाय पिल्लाची चोच जमिनीपासून जेमतेम दोन-तीन इंच वर असते. शेडमध्ये उभ्या असलेल्या माणसाला जी हवा स्वच्छ वाटते ती पिल्लाची हवा नसते, त्याची हवा म्हणजे गादीच्या अगदी वर तरंगणारी धूळ.

त्या शेडमधल्या गादीचे तूस मी मुठीत घेऊन पाहिले तेव्हा ते छान कोरडे होते. मालकाने तेच आवर्जून दाखवले, कारण ओलाव्याबद्दल त्याला आधीच सांगितले गेले होते. मग मी तूस आले कुठून ते विचारले. भाताच्या गिरणीवरून मे महिन्यात पंचवीस पोती आणून पडवीत ताडपत्रीखाली रचली होती. जूनच्या पहिल्या पावसात एका बाजूने पाणी शिरले आणि खालची सात-आठ पोती भिजली. पिल्ले यायच्या आधी त्याने ती पोती उघडली, दोन दिवस मिळालेल्या उन्हात तूस पसरून वाळवले, वास गेला असे वाटल्यावर वरच्या काही पोत्यांतल्या तुसात मिसळले आणि तीन इंचांची गादी घातली. त्यावर दिवे लावले. सगळे काही नीटच तर केले होते!

खरे तर घोटाळा इथेच झाला, आणि तो फार जण करतात म्हणून त्यावर जरा थांबतो. बुरशी ओल्यात वाढते ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे ते वाळवले की प्रश्न मिटला असा समज होतो. परंतु ओल्या तुसावर वाढलेली बुरशी वाळल्यामुळे नाहीशी होत नाही. ओले असताना तिने तंतू पसरलेले असतात आणि लाखो बीजाणू तयार केलेले असतात, पण ते ओलाव्याने जागच्या जागी चिकटून राहतात. तूस वाळले की हेच बीजाणू सुटे होतात आणि हवेत उडू लागतात. त्यांना कोरडेपणाने काही होत नाही, महिनोन्‌महिने ते तसेच जिवंत राहू शकतात. म्हणजे ओल्यात ती वाढते आणि कोरड्यात ती पसरते. पिल्लांसाठी आपण जेव्हा दिवे लावून पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश उष्णता देतो, तेव्हा गादीचा वरचा थर आणखी सुकतो, पाचशे पिल्ले दिवसभर तो पायांनी उकरतात आणि बीजाणूंचा अदृश्य धुरळा त्यांच्याच नाकासमोर उठत राहतो. भिजलेले तूस एकदा बुरसले की ते पिल्लांच्या गादीतून कायमचे बाद झाले, त्याला ऊन हा उपाय नाही. ते खड्ड्यात खत करायला घालावे, तेही शेडपासून दूर.

खाद्याचीही गोष्ट तीच होती, फक्त थोडी कमी प्रमाणात. पन्नास किलोची दोन पोती भिंतीला टेकवून सिमेंटच्या जमिनीवर ठेवली होती. पावसाळ्यात जमीन आणि भिंत दोन्ही घामेजतात, आणि पोत्याच्या ज्या बाजूचा त्यांना स्पर्श होतो तिथले खाद्य आतल्या आत ओलावा धरते. एका पोत्याच्या तळाशी हात घातला तर नारळाएवढा गड्डा हाताला लागला. तो फोडला तेव्हा आत राखाडी-हिरवट जाळे दिसले आणि बुरसट वास आला. ते पोते वरून अर्धे संपले होते, म्हणजे वरचे खाद्य चांगले होते हे खरे, पण रोज भांडे बुडवताना तळाचे ढवळले जात होते. पिल्लांच्या भांड्यांत आणखी एक गोष्ट घडत होती. सांडलेल्या पाण्याने भांड्याच्या कडेला खाद्याची खपली धरली होती आणि तिच्यावरच रोज नवे खाद्य ओतले जात होते. पिल्लू भरड खाद्य टिपताना चोच त्यात बुडवते, त्यामुळे खाद्यातली बुरशी पोटात जाते त्याहून सहज नाकात जाते.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, ती सोडवून ठेवली पाहिजे. बुरसट खाद्यात अफ्लाटॉक्सिनसारखे बुरशीचे विषही असू शकते. ते विष यकृत खराब करते, वाढ खुंटवते आणि प्रतिकारशक्ती कमी करते, परंतु त्याने धाप लागत नाही. धाप लागते ती जिवंत बीजाणू श्वासातून आत जाऊन तिथे रुजल्यामुळे. म्हणून खाद्यात टॉक्सिन बाइंडर घातला आहे, आता चिंता नाही, असे म्हणणारा फसतो. बाइंडर पोटातल्या काही विषांना धरून ठेवतो, नाकातून गेलेल्या बीजाणूशी त्याची कधी गाठच पडत नाही. उलट दोन्ही संकटे एकत्र आली तर विषामुळे दुबळ्या झालेल्या पिल्लात फुप्फुसाचा रोग आणखी बळावतो.

आता हाच रोग आहे हे ठरवायचे कसे? धाप पाहिली की आधी उष्णता तपासावी. दिव्यांखाली जास्त तापले की पिल्ले चोच उघडून भराभर श्वास घेतात, पण मग ती सगळीच्या सगळी दिव्यापासून दूर जाऊन पंख सैल सोडून बसलेली असतात आणि दिवा वर उचलला की तासाभरात शांत होतात. ब्रूडर न्यूमोनियातले पिल्लू एकटे, डोळे मिटून, बऱ्याचदा उबेच्या जवळच गळाठून उभे असते आणि उष्णता कमी केल्याने त्याला काहीच फरक पडत नाही. त्याला खाण्यात रस नसतो, तहान मात्र असते. अमोनिया साचला असेल तर तुमच्याही डोळ्यांना झोंबते आणि पिल्लांचे डोळे पाणावतात. काही पिल्लांत बुरशी डोळ्यात शिरते. त्या शेडमध्ये दोन पिल्लांचा एकच डोळा सुजून बंद झाला होता आणि पापणी उघडली तर आत चिझच्या तुकड्यासारखी पिवळट खपली होती. आणखी एकाची मान एका बाजूला वळलेली होती, कारण कधीकधी बुरशी रक्तावाटे मेंदूपर्यंतही पोहोचते. अशी पिल्ले थोडीच असतात, पण मूक धापेच्या जोडीला ती दिसली तर संशय जवळजवळ पक्का होतो.

खरी खात्री मात्र शवविच्छेदनात होते. मी ताजी मेलेली चार पिल्ले उघडली. निरोगी फुप्फुस गुलाबी आणि स्पंजासारखे मऊ असते. इथे ते बोटाला कडक लागत होते आणि त्यात टाचणीच्या माथ्यापासून बाजरीच्या दाण्याएवढ्या पिवळट-पांढऱ्या गाठी जागोजाग रुतलेल्या होत्या. काचेसारख्या पारदर्शक असायला हव्या त्या हवेच्या पिशव्या जाड आणि धुरकट झाल्या होत्या, आणि एका पिल्लाच्या पोटाकडच्या पिशवीत हिरवट-करड्या मखमलीचा ठिपका होता. ती मखमल म्हणजे शरीराच्या आत पिशवीच्या पोकळीत हवा मिळाल्यामुळे तुरे फुटलेली जिवंत बुरशी. ही मखमल दरवेळी सापडत नाही, पण सापडली की शंकेला फारशी जागा उरत नाही.

फक्त गाठी दिसल्या म्हणून लगेच निकाल देऊ नये, हेही तितकेच खरे. पुलोरम नावाच्या साल्मोनेलाच्या आजारातही पिल्लांच्या फुप्फुसांत पांढऱ्या गाठी होतात. परंतु त्यात यकृत आणि हृदयावरही ठिपके असतात आणि पिल्लांच्या गुदद्वाराला पांढरी विष्ठा चिकटून सुकलेली असते. या दोन रोगांचे उपाय पूर्ण वेगळे असल्याने प्रयोगशाळेची खात्री करून घेणे शहाणपणाचे ठरते. तिथे गाठीचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली फाटे फुटलेले तंतू पाहतात आणि दुसरा तुकडा साबूराड अगारवर 37 अंशांना वाढवतात. दोनेक दिवसांत आधी पांढरी आणि मग निळसर-हिरवी होत जाणारी वसाहत उगवते. महाराष्ट्रात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून असे नमुने पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे जाऊ शकतात. पिल्ले ताजी मेलेली असावीत, बर्फात ठेवून लवकर पोहोचवावीत, फ्रीझरमध्ये गोठवू नयेत. आणि एका दिवसात ढिगाने पक्षी मरत असतील, तर मात्र कोणीही घरी पोट फाडून पाहू नये. बर्ड फ्लूची शक्यता असते, म्हणून आधी दवाखान्याला कळवावे.

कधीकधी दोष शेडचा नसतोच. बुरशी उबवणकेंद्रातही असते. तडकलेले किंवा घाण लागलेले अंडे यंत्रात फुटले, तर त्यातली बुरशी शेजारच्या अंड्यांत शिरते आणि पिल्लू जन्मतःच बाधा घेऊन येते. ओळखायचे ते काळावरून. आल्या आल्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून धाप सुरू झाली आणि त्याच खेपेतली पिल्ले घेतलेल्या दुसऱ्या पाळणाऱ्याकडेही तसेच होत असेल, तर बोट उबवणकेंद्राकडे जाते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून सुरू होऊन चढत गेली, तर गादी आणि खाद्य पाहावे. आमच्या वाडीतल्या प्रकरणात त्याच गाडीतून आलेली शेजारच्या गावातली दोनशे पिल्ले ठणठणीत होती. ज्यांच्याकडे यंत्र नाही, खुडूक कोंबडीच अंडी उबवते, त्यांच्याकडे मागच्या वर्षीचा पेंढा किंवा तूस घातलेली टोपली हेच छोटे उबवणकेंद्र असते. कोंबडी बसवण्यापूर्वी टोपली रिकामी करून उन्हात तापवावी आणि नवा, कोरडा पेंढाच घालावा.

उपचाराबद्दल स्पष्ट बोलायला हवे. फुप्फुसात गाठ झालेल्या पिल्लाला परवडेल असे खात्रीचे औषध नाही. प्रतिजैविके बुरशीवर चालत नाहीत, त्यामुळे दुकानदाराने धापेसाठी म्हणून दिलेली पावडर इथे पैसे वाया घालवते. इट्राकोनॅझोलसारखी बुरशीविरोधी औषधे पाळीव पोपटांत वापरतात, पण पाचशे पिल्लांना ती देणे खर्चाच्या हिशेबात बसत नाही. जुना उपाय म्हणजे मोरचूद. पाण्यात दोन हजारांस एक, म्हणजे दोन लिटरला एक ग्रॅम, या प्रमाणात ते पशुवैद्याच्या सल्ल्याने काही दिवस देतात. प्रमाण चुकले तर ते स्वतःच विष ठरते आणि लोखंडी किंवा जस्ताच्या भांड्यात ते भांडे खाते, म्हणून प्लास्टिकचेच भांडे लागते. माझ्या मते त्याचा उपयोग पाण्याच्या भांड्यांतली बुरशी आवरण्यापुरता आहे. आत रुजलेल्या गाठीला ते पोहोचत नाही.

मग त्या दिवशी आम्ही केले काय? आधी पिल्ले उचलून शेजारच्या पडवीत, कोरड्या पोत्यांवर वर्तमानपत्र अंथरून, तात्पुरत्या दिव्याखाली नेली. सगळी पिल्ले हलल्यावरच गादीवर फवारणीच्या पंपाने हलके पाणी मारले, जेणेकरून उचलताना धूळ उडू नये. तूस पोत्यांत भरून बाहेर काढताना दोघांनी एन-95 मास्क लावले, कारण हेच बीजाणू माणसाच्या फुप्फुसालाही त्रास देतात, दमेकऱ्याला तर विशेषच. जमीन धुऊन, मोरचुदाच्या एक टक्का द्रावणाने पुसून, पंखा लावून पूर्ण वाळवली. मग वरच्या, कधीच न भिजलेल्या पोत्यांतले तूस चाळून दोन इंच घातले आणि आजारी दिसणारी पिल्ले वेगळी केली. तळाला गड्डा असलेले पोते पूर्ण बाद केले. गड्डा काढून उरलेले चांगले खाद्य वापरू का, असे मालकीणबाईंनी विचारले. प्रश्न रास्त होता, पोत्यामागे पैसे गेले होते. पण गड्डा जिथे दिसतो तिथेच बुरशी थांबलेली नसते, आणि बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत.

आठव्या दिवशी तेरा पिल्ले मेली आणि त्या जोडप्याचा मला पुन्हा फोन आला. सगळे बदलूनही मरतातच, असा सूर होता. तो अपेक्षितच होता, कारण गादी बदलली त्या दिवशी ज्यांच्या फुप्फुसांत आधीच गाठी झाल्या होत्या त्यांच्यासाठी उशीर झालेला होता. पुढचे आकडे दहा, सात, चार, दोन, एक आणि चौदाव्या दिवशी शेवटचा एक असे उतरत गेले. हा रोग एका पिल्लाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे मूळ काढले की नवी लागण थांबते आणि मरतूक चार-सहा दिवसांत ओसरते. याच दिवसांत एखाद्याने कोणतेही औषध दिले असते तर श्रेय त्यालाच गेले असते. एकूण अडुसष्ट पिल्ले गेली, म्हणजे शंभरात जवळजवळ चौदा.

पुढच्या खेपेसाठी त्यांनी पद्धत बदलली ती थोडक्यात सांगतो. तूस आता पावसाळ्याच्या आधीच आणून घराच्या माळ्यावर ठेवतात, पडवीत नाही. प्रत्येक पोते उघडून हात घालून वास घेतात आणि भिजल्याचा डाग असलेले पोते सरळ परत पाठवतात. लाकडाचा बारीक भुसा ते घेत नाहीत, कारण ओल्या लाकडाचा भुसा फार लवकर बुरसतो आणि त्याची धूळही जास्त होते. पहिले तीन-चार दिवस गादीवर कागद अंथरतात, म्हणजे पिल्ले तूस उकरत नाहीत आणि खातही नाहीत. पिल्ले आल्यावर गादीत ओलावा वाढणारच, तो किती चालेल हे मूठ सांगते. तूस मुठीत दाबून हात उघडला की ते किंचित धरून लगेच सुटले पाहिजे. गोळा तसाच राहिला तर ते फार ओले झाले आहे, आणि अजिबात न धरता धुरळा उडाला तर फार कोरडे. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग रोज सकाळी खरवडून बाहेर टाकतात आणि तेवढेच नवे तूस घालतात. पावसात पडदे पूर्ण बंद न करता वरची वीतभर पट्टी उघडी ठेवतात, म्हणजे दमट हवा बाहेर जाते आणि पिल्लांवर थेट वारा येत नाही.

खाद्याची पोती आता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर असतात आणि पंधरा दिवसांत संपेल एवढेच खाद्य आणले जाते. भांडी रोज रिकामी करून पुसल्याशिवाय त्यांत नवे खाद्य पडत नाही. मका घरी भरडायचा असेल तेव्हा त्या बाई आधी कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून दोन मिनिटे हलवतात. मीठ काचेला चिकटले तर दाण्यात साधारण 15 टक्क्यांहून अधिक ओलावा आहे, असा मका साठवायचा नाही. मीठ सुटे राहिले तर मका बराच कोरडा आहे. ती बरणी आता गिरणीच्या वाटेवरच्या खिडकीत कायम ठेवलेली असते, आणि शेजारचेही मका घेऊन येतात तेव्हा आधी बरणी मागतात.